“येतंय सगळं” म्हणण्याआधी: धडा खरंच आला का, हे तपासायची रीत

दहावीच्या मुलांसोबत संध्याकाळी बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “सर, हा धडा झालाय. येतंय सगळं.” पेपर झाल्यावर दुसरं: “सर, येत होतं, पण ऐन वेळी आठवलंच नाही.” दोन्ही वाक्यं मनापासून म्हटलेली असतात. पण दुसऱ्यातला “येत होतं” हा भाग बहुतेक वेळा खरा नसतो. येत नव्हतं, ओळखीचं वाटत होतं. पुस्तक उघडं असताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि मन त्या ओळखीलाच ज्ञान समजून बसतं. यालाच जाणल्याचा भास म्हणतात. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही याचा आपणच घेतलेला अंदाज हा मेटाकॉग्निशनचा, म्हणजे स्वतःच्याच विचारांवर लक्ष ठेवण्याचा, एक भाग, आणि नेमका तोच अंदाज इथे चुकतो.

“स्वतःची परीक्षा घ्या” हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मुलं घेतातही, पण चुकीच्या वेळी, चुकीच्या क्रमाने, आणि तपासताना स्वतःवर मेहेरबान होऊन. म्हणून खाली पूर्ण क्रम दिला आहे. उदाहरण म्हणून दहावी विज्ञानातला भिंगांचा धडा घेतला आहे, कारण या धड्याइतकी फसवणूक दुसरा क्वचितच करत असेल. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने तो कसा तपासला, ते प्रत्येक पायरीत येईलच.

## तयारी: काय जवळ हवं

कोरे कागद, दोन रंगांचे पेन, आणि एक पातळ वही. या वहीला आम्ही ‘अंदाज वही’ म्हणतो. तिच्या पानावर चार रकाने आखा: प्रश्न, एकूण गुण, अंदाज, मिळालेले गुण. मोबाइलची गरज फक्त गजर लावण्यापुरती, आणि तोही शेजारच्या खोलीत ठेवलात तर बरं.

एका वेळी अख्खा धडा घेऊ नका. एका बैठकीत वाचून होईल एवढाच तुकडा घ्या. भिंगांच्या धड्याचे आम्ही दोन तुकडे केले: प्रतिमा कशी मिळते आणि सूत्रं हा पहिला, डोळा आणि दृष्टिदोष हा दुसरा. दोन्ही वाचून झाल्यावर त्यांची तपासणी एकत्र घेतली.

सावधान: हा क्रम न समजलेला धडा समजावण्यासाठी नाही. किरण भिंगातून जाताना का वळतो हेच कळलं नसेल, तर आधी शिक्षकांना गाठा. इथे आपण “समजलंय” असं वाटणाऱ्या गोष्टीची खातरजमा करणार आहोत.

## पायरी १: एकदा नीट वाचा आणि प्रश्न काढा

तुकडा एकदा सावकाश वाचा. हायलायटर खाली ठेवा. पिवळं झालेलं पान दुसऱ्या वेळी आणखी ओळखीचं दिसतं, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे.

वाचून झालं की पुस्तक उघडं ठेवूनच चार-पाच प्रश्न लिहा आणि प्रत्येकाला गुण द्या. प्रश्नांच्या मागच्या पानावर उत्तराचे मुद्दे लिहा, एका गुणाला एक मुद्दा या हिशेबाने. हे मुद्दे आत्ताच लिहायचे, उत्तर लिहून झाल्यावर नव्हे. का, ते पायरी ५ मध्ये कळेल.

प्रश्न काढताना मुलं एक गफलत करतात. पुस्तकातलं वाक्य घेऊन त्यातला एक शब्द गाळतात: “भिंगाच्या शक्तीचे एकक ____ आहे.” अशा प्रश्नात निम्मं उत्तर प्रश्नातच असतं. रिकामी जागा भरता आली म्हणून धडा येतो असं होत नाही. प्रश्न असा हवा की उत्तरासाठी पूर्ण वाक्य, आकृती किंवा गणित करावं लागेल.

त्या मुलीने काढलेले पाच प्रश्न असे होते:

1. वस्तू बहिर्वक्र भिंगासमोर F1 आणि 2F1 यांच्या दरम्यान असेल तर प्रतिमा कुठे, कशी आणि केवढी मिळते? (३ गुण)
2. भिंगाची शक्ती म्हणजे काय? एकक सांगा. (२ गुण)
3. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. प्रतिमा किती अंतरावर मिळेल? (३ गुण)
4. निकटदृष्टिता: लक्षण, प्रतिमा कुठे पडते, कारण, उपाय. (४ गुण)
5. प्रश्न १ मधल्या स्थितीची किरणाकृती काढा. (३ गुण)

एकूण १५ गुण. तिसऱ्या प्रश्नासारखं एक सोडवलेलं उदाहरण तिने दोनदा वाचलं होतं आणि तिच्या शब्दांत “एकदम सोपं” होतं. हे लक्षात ठेवा.

तपासा: प्रश्नांचं पान आणि मुद्द्यांचं पान वेगळं आहे ना? प्रश्न वाचताना उत्तर डोळ्यांवर पडत असेल तर पुढचं सगळं वाया जाईल.

## पायरी २: थांबा, किमान एक रात्र

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते. वाचलं की लगेच पुस्तक मिटून “बघू येतंय का” म्हणायचं, आणि येतंच, कारण वाचलेलं अजून डोक्यात घुटमळत असतं. पाच मिनिटांनी आठवणं म्हणजे फोन नंबर डायल करेपर्यंत लक्षात ठेवण्यासारखं. तेवढं सगळ्यांनाच जमतं.

थॉमस नेल्सन आणि जॉन डनलोस्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे मोजून दाखवलं. लोकांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि विचारलं: पहिला शब्द दाखवला तर दुसरा नंतर आठवेल का? काही जोड्यांबद्दल पाठ होताच विचारलं, काहींबद्दल मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन. लगेच केलेला अंदाज आणि नंतरचा खरा निकाल यांचा मेळ ०.३८ इतका होता, थांबून केलेल्या अंदाजाचा ०.९०. पूर्ण मेळ म्हणजे १. माणसं तीच, शब्द त्याच प्रकारचे. फरक फक्त विचारण्याच्या वेळेचा.

यात एक मेख आहे. थांबून विचारतानाही शब्दांची पूर्ण जोडी समोर ठेवली तर अंदाज इतका सुधारत नाही. एकटा पहिला शब्द समोर असेल तेव्हाच माणूस आत डोकावून दुसरा शोधतो, आणि सापडला की नाही यावरून अंदाज बांधतो. म्हणून दुसऱ्या दिवशी “एकदा नजर टाकून मग परीक्षा देतो” हे चालणार नाही. ती एक नजर रात्रभर थांबल्याचा फायदा घालवते.

रविवारी वाचलं तर सोमवारी संध्याकाळी परीक्षा. मध्ये दुसऱ्या विषयाचा अभ्यास होऊ दे.

सावधान: मधल्या वेळात त्याच धड्याचा व्हिडिओ पाहू नका. छान समजावणाऱ्याचा व्हिडिओ हा भासाचा मोठा कारखाना आहे. शॅना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एकच मजकूर दोन पद्धतींनी सांगितला: एकदा समोर बघून, न अडखळता, आणि एकदा कागदात डोकं घालून, अडखळत. पहिली पद्धत पाहणाऱ्यांना आपल्याला जास्त आठवेल असं वाटलं. प्रत्यक्षात दोन्ही गटांना जवळपास तेवढंच आठवलं. बोलण्यातला सफाईदारपणा सांगणाऱ्याचा होता, ऐकणाऱ्याने तो स्वतःच्या खात्यात जमा केला.

## पायरी ३: लिहिण्याआधी अंदाज मांडा

आता फक्त प्रश्नांचं पान समोर घ्या. एकेक प्रश्न वाचा आणि अंदाज वहीत लिहा, यात मला किती गुण मिळतील. मुद्द्यांचं पान पालथं. प्रत्येक प्रश्नाला दहा-पंधरा सेकंद पुरे. शेवटी एकच बेरीज लिहून मोकळं होऊ नका, प्रत्येक प्रश्नापुढे आकडा हवा.

मुलं इथे कुरकुरतात. “थेट लिहूच की उत्तरं, अंदाज कशाला?” त्याचं कारण असं. अंदाज न लिहिता परीक्षा दिली आणि चुकलं, तर मन झटकन सारवासारव करतं: “हे मला तसंही कच्चंच वाटत होतं.” लिहिलेला आकडा मात्र हलत नाही. आपण काय येत नाही एवढंच शोधत नसतो. येत नसताना येतंय असं कुठे वाटलं, हेही शोधत असतो, आणि त्याचा पुरावा आधी लिहिलेल्या आकड्याशिवाय मिळत नाही.

त्या मुलीचे अंदाज असे होते: पहिल्याला ३ पैकी ३, दुसऱ्याला २ पैकी २, तिसऱ्याला ३ पैकी ३, चौथ्याला ४ पैकी ४, आणि किरणाकृतीला ३ पैकी १. “आकृती मला येतच नाही,” असं तिने वर सांगितलंही. एकूण अंदाज १३.

तपासा: सगळे अंदाज पैकीच्या पैकी आले असतील तर तुम्ही प्रश्न नीट वाचलेले नाहीत. “कारण” असं लिहिलं असेल तर ते कारण मनात उमटलं का, एवढं स्वतःला विचारा आणि मग आकडा टाका.

## पायरी ४: पुस्तक मिटून, पूर्ण लिहा

पूर्ण वाक्यात, कागदावर, हाताने. मनातल्या मनात “हो, ते अंतर्वक्र वगैरे” म्हणून पुढे जाणं हे उत्तर नव्हे. मनातलं उत्तर नेहमी पूर्ण वाटतं, कारण मन भोकं दाखवत नाही. कागद दाखवतो.

अडलात तर जागा सोडा आणि प्रश्नचिन्ह काढा. डोकावायचं नाही. एक शब्द बघितला तरी बाकीचं धडधड आठवतं आणि वाटतं, “बघ, येतच होतं.” ते येत नव्हतं, त्या एका शब्दाने ओढून आणलं. बोर्डाच्या पेपरात तो शब्द द्यायला कुणी येत नाही.

१५ गुणांना २५ मिनिटांचा गजर लावा. वेळ संपली की पेन खाली.

## पायरी ५: तपासताना माया करू नका

माझ्या अनुभवात खरी गडबड इथे होते. उत्तर लिहिलं, पुस्तक उघडलं, नजर फिरवली, “हं, तेच लिहिलंय” म्हटलं, पूर्ण गुण. कॅथरीन रॉसन आणि डनलोस्की यांच्या प्रयोगांत असं दिसलं की विद्यार्थी स्वतःच्या चुकीच्या आणि अपुऱ्या उत्तरांनाही गुण देतात, आणि बरोबर उत्तर शेजारी ठेवलं तरी हे पूर्ण थांबत नाही. बरोबर उत्तरातला एकेक मुद्दा घेऊन तो आपल्या उत्तरात आहे का हे पाहायला लावलं, की निर्णय बराच सुधारतो. मुद्दे आधीच लिहून ठेवायचे ते यासाठी. उत्तर लिहून झाल्यावर मुद्दे काढले, तर माणूस नकळत आपण लिहिलेलेच मुद्दे काढतो.

रीत सोपी आहे. दुसऱ्या रंगाचा पेन घ्या. मुद्द्यांच्या पानावरचा पहिला मुद्दा वाचा. तुमच्या उत्तरात तो सांगणाऱ्या शब्दांखाली रेघ मारा. रेघ मारायला शब्दच सापडले नाहीत तर गुण शून्य. “मला तेच म्हणायचं होतं” याला गुण नाही.

निकटदृष्टितेच्या प्रश्नाचे तिने आदल्या दिवशी लिहिलेले चार मुद्दे असे होते. एक, जवळचं स्पष्ट दिसतं, दूरचं नाही. दोन, दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे तयार होते. तीन, डोळ्यातल्या भिंगाची वक्रता वाढलेली असते किंवा नेत्रगोल लांबट झालेला असतो. चार, योग्य नाभीय अंतराचं अंतर्वक्र भिंग वापरतात.

आणि परीक्षेत तिने लिहिलेलं उत्तर: “लांबचं नीट दिसत नाही, जवळचं दिसतं. डोळ्यात दोष असल्यामुळे असे होते. अंतर्वक्र भिंगाचा चष्मा लावतात.”

पहिल्या फेरीत तिने याला ३ दिले. मी म्हटलं, रेघा मार. पहिल्या मुद्द्याला रेघ मिळाली, चौथ्यालाही. दुसऱ्याला शब्दच नाहीत. तिसऱ्यासाठी तिने “डोळ्यात दोष असल्यामुळे” याखाली पेन टेकवला आणि स्वतःच हसली. निकटदृष्टिता म्हणजे डोळ्यातला दोष, आणि तो कशामुळे, तर डोळ्यात दोष असल्यामुळे! गुण २.

आता तिसरा प्रश्न, गणित. तिने लिहिलं होतं:

```
1/v - 1/u = 1/f
1/v = 1/20 + 1/30 = 5/60
v = 12 सेमी
```

सूत्र बरोबर, म्हणून १ गुण. पण वस्तू भिंगाच्या डाव्या बाजूला आहे, म्हणून चिन्ह संकेतानुसार u = −३० सेमी. तिने +३० घेतलं.

```
1/v = 1/20 + 1/(-30) = 1/60
v = 60 सेमी
```

किमती चुकल्या, उत्तर चुकलं, ३ पैकी १. दोनदा वाचलेल्या सोडवलेल्या उदाहरणात ते उणे चिन्ह होतं. वाचताना डोळा त्यावरून सरकला, कारण तिथे कुणीतरी आधीच ते लिहून ठेवलं होतं. सोडवलेलं उदाहरण वाचून “समजलं” म्हणणाऱ्याने कुठे उणे घ्यायचं हा निर्णय एकदाही घेतलेला नसतो.

याहून मोठी गोष्ट त्याच कागदावर दोन प्रश्न वर होती. पहिल्या प्रश्नात तिने पूर्ण बरोबर लिहिलं होतं: वस्तू F1 आणि 2F1 यांच्या दरम्यान असेल तर प्रतिमा 2F2 च्या पलीकडे, वास्तव, उलट, मोठी. आता वस्तू ३० सेमीवर, नाभीय अंतर २०, म्हणजे वस्तू नेमकी F1 आणि 2F1 यांच्या मध्येच. मग प्रतिमा ४० सेमीच्या पलीकडेच हवी. १२ हे उत्तर तिच्याच पहिल्या उत्तराशी भांडत होतं आणि तिला ते ऐकू आलं नाही. ३ पैकी ३ मिळवून देणारा तक्ता पाठ होता, गणिताशी जोडलेला नव्हता.

आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली होती. उताऱ्यात एकमेकांशी न जुळणारी विधानं मुद्दाम ठेवली. पुष्कळ वाचकांना विसंगती दिसली नाही, तरी उतारा समजला असंच त्यांनी सांगितलं. प्रत्येक वाक्य सुटं समजलं की सगळं समजलं असं वाटतं.

तपासा: सगळं तपासून झालं की आणखी एक फेरी मारा. तुमच्याच दोन उत्तरांत कुठे भांडण आहे का? विज्ञान आणि गणितात ही फेरी चुकवू नका.

बाकीचे दोन पटकन सांगतो. शक्तीच्या प्रश्नात “नाभीय अंतराचा व्यस्त, एकक डायऑप्टर” असं लिहिलं, पण नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचं हे राहिलं, म्हणून २ पैकी १. २० सेमीच्या भिंगाची शक्ती 1/0.20 म्हणजे ५ डायऑप्टर. मीटर विसरणारा 1/20 करून ०.०५ लिहितो आणि त्याला काही खटकत नाही. किरणाकृतीला मात्र ३ पैकी ३ मिळाले.

## पायरी ६: बेरीज बाजूला ठेवा, ओळ-ओळ बघा

तिचा अंदाज १३, मिळाले १०. “तीनच गुणांचा फरक, म्हणजे अंदाज बरा आहे,” असं वाटेल. हा या सगळ्यातला छुपा सापळा. एकीकडची जास्तीची खात्री आणि दुसरीकडची कमी खात्री बेरजेत एकमेकींना खाऊन टाकतात. ओळ-ओळ पाहिलं तर पहिल्या प्रश्नात फरक शून्य, दुसऱ्यात १, तिसऱ्यात २, चौथ्यात २ आणि पाचव्यात उलट दिशेने २. पाचांपैकी एकच अंदाज बरोबर होता.

आणि हे अंदाज कशावरून बांधले होते तेही दिसलं. गणित वाचून सोपं वाटलं होतं, तिथे ती घसरली. आकृती वर्गात तीनदा खोडून काढावी लागली होती, म्हणून “येत नाही” वाटत होतं, आणि ती पक्की निघाली. अवघड गेलं म्हणजे आलं नाही, सोपं गेलं म्हणजे आलं, हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकला.

आता प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा.

फुली: अंदाज जास्त, गुण कमी. आधी हेच घ्या. पुस्तक घेऊन बसल्यावर याकडे तुम्ही कधीच वळणार नाही, कारण हे येतं असं तुम्हाला वाटतंय. यात एक चांगली बातमीही आहे: पूर्ण खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं आणि लगेच बरोबर उत्तर कळलं, तर ती चूक अर्धवट खात्रीच्या चुकीपेक्षा सहज सुधारते. जेनेट मेटकाफ आणि ब्रेडी बटरफील्ड यांनी २००१ मध्ये हे दाखवलं. धक्का बसतो, म्हणून लक्ष जातं.

गोल: अंदाज कमी आणि गुणही कमी. हे तुम्हाला माहीतच होतं. फुल्या संपल्या की याकडे वळा.

बरोबरची खूण: गुण पूर्ण, अंदाज काहीही असो. आज यावर वेळ घालवू नका. तिला आणखी पाच आकृत्या काढत बसायचं होतं. मी वही काढून घेतली.

## पायरी ७: दुरुस्ती, पण वाचून नाही

फुलीचा प्रश्न घेऊन पुन्हा धडा वाचायला बसलात तर परत पायरी १ वर गेलात. फक्त राहिलेला मुद्दा पाहा, पुस्तक मिटा, आणि तो मुद्दा “का” आणि “मग काय” यांसह दोन ओळींत लिहा. तिने लिहिलं: “नेत्रगोल लांबट झाला की दृष्टिपटल मागे जातं, म्हणून प्रतिमा त्याच्या अलीकडेच तयार होते. अंतर्वक्र भिंग किरणांना आधी पसरवतं, म्हणून प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर येते.” आता चारही मुद्दे एका दोरीत ओवले गेले. लक्षणावरून उपाय काढता येतो, पाठ करावा लागत नाही.

गणितासाठी तेच गणित पुन्हा करू नका, उत्तर ६० हे आता पाठ आहे. आकडे आणि भिंग दोन्ही बदला. अंतर्वक्र भिंग, नाभीय अंतर १५ सेमी, वस्तू ३० सेमीवर. इथे f = −१५ आणि u = −३०.

```
1/v = 1/(-15) + 1/(-30) = -3/30
v = -10 सेमी
```

आणि लगेच तक्त्याशी ताडून पाहा: अंतर्वक्र भिंगाची प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, भिंग आणि नाभी यांच्या दरम्यान. १० हे १५ च्या आत, चिन्ह उणे. जुळलं.

## पायरी ८: एकदा बरोबर आलं म्हणून सोडू नका

गुरुवारी पुन्हा परीक्षा, अंदाजासकट. त्यानंतर पुढच्या आठवड्यात एकदा, दुसऱ्या धड्याच्या प्रश्नांत मिसळून. एकट्या भिंगांच्या धड्याची वीस गणितं केली की कुठलं सूत्र लावायचं हे विचारावंच लागत नाही, वरच्या गणितात होतं तेच. मिसळले की आधी प्रश्न ओळखावा लागतो.

मुलं इथे घाई करतात: एकदा बरोबर आलं की प्रश्न बाजूला. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थांसह शिकवले. एकदा आठवलेला शब्द काहींना पुढेही विचारत राहिले, काहींना विचारणं थांबवलं. आठवड्याने पहिल्यांना सुमारे ८० टक्के आठवले, दुसऱ्यांना साधारण एक तृतीयांश. पुन्हा न विचारता नुसतं पुन्हा वाचायला दिलं, तरी त्यांचा आकडा वर गेला नाही. आणि सगळ्या गटांनी आधी सांगितलेला अंदाज सारखाच होता, निम्म्याच्या आसपास. आपली कुठली पद्धत चालते हे आतून कळत नाही.

गुरुवारी तिचा अंदाज १२ होता आणि मिळाले १३. चौथ्या प्रश्नात तिने स्वतःच ३ चा अंदाज टाकला, “कारणाचा एक भाग निसटतोय” म्हणून, आणि तोच निसटला. दुसरा गुण गेला तो मीटरसाठी, परत.

## घरच्यांसाठी

पुस्तक हातात घेऊन “सांग बघू” म्हणताना आपण नकळत पहिला शब्द पुरवतो, मान डोलावतो, आणि पोरगं आपल्या मानेवरून उत्तर काढतं. त्याऐवजी अंदाज वही मागा. भिंगं कशाशी खातात हे माहीत नसलं तरी चालेल. तीन गोष्टी पाहा: अंदाजाचा रकाना उत्तराआधी भरलाय का (शाईवरून आणि खाडाखोडीवरून कळतं), तपासणीच्या रंगाच्या रेघा शब्दांखाली आहेत की नुसती बरोबरची खूण आहे, आणि फुलीचा एखादा तरी प्रश्न आहे का. सलग चार पानांवर एकही फुली नसेल, तर त्या मुलाला म्हणा, आता प्रश्न मी काढतो.